धागा: १५ आठवड्यांचं सेमिस्टर एका कॅलेंडरवर बसवतोय, नजरचूक होत असेल तर सांगा

ओम_जिंतूर
नमस्कार. सेकंड इयर कॉम्प्युटर, छत्रपती संभाजीनगर. सोमवारपासून तिसरं सेमिस्टर सुरू होतंय. या वेळी सगळं एकाच कॅलेंडरवर टाकायचं ठरवलंय. कॉलेजच्या नोटीशीत आहे ते असं:

अध्यापन २० जुलै ते ३१ ऑक्टोबर २०२६. मिडसेम ७ ते ११ सप्टेंबर. प्रॅक्टिकल-ओरल २ ते ६ नोव्हेंबर. थिअरी दिवाळीनंतर, तारीख दिलेली नाही. सुट्ट्या: १४ सप्टेंबर गणेश चतुर्थी, १७ मुक्तिसंग्राम दिन, १८ महालक्ष्मी, २५ अनंत चतुर्दशी, २ ऑक्टोबर, २० ऑक्टोबर दसरा.

पाच थिअरी, तीन प्रॅक्टिकल. माझ्या बॅचला सोमवारी डेटा स्ट्रक्चर्स, गुरुवारी जावा, शुक्रवारी डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स. प्रत्येकात १० प्रयोग. शिवाय प्रत्येक थिअरीला दोन-दोन असाइनमेंट, पहिली मिडसेमच्या आधी.

माझा हिशोब: १५ आठवडे, १० प्रयोग, म्हणजे ५ आठवडे हाताशी. २६ ऑक्टोबरला 'सबमिशन' असं लाल रंगात लिहून ठेवलंय. काही चुकतंय का?

हुरडा
बरोबर आहे. फक्त प्रत्येक तारखेच्या आठ दिवस आधी रिमाइंडर लाव. सबमिशन २६ ला असेल तर कॅलेंडरवर १९ लिही, आपोआप वेळेवर होतं.

सिद्धी ज.
पहिल्या वर्षीचे विषय राहिले असतील तर त्यांचे पेपर पण धर. रेग्युलर पेपरच्या मधल्या सुट्टीच्या दिवशीच ते येतात.

ओम_जिंतूर
@सिद्धी ज. बॅकलॉग नाही ताई.

मास्तर परभणीकर
ओम, आठवडे मोजू नका, टर्न मोजा. आणि तेही तीनही प्रॅक्टिकलचे वेगवेगळे. तुम्ही पंधरातून दहा वजा केले, पण प्रॅक्टिकल आठवड्यात होत नसतं, वारी होतं. सुट्टी कोणत्या वारी पडली यावर सगळं अवलंबून.

पहिला आठवडा सोडून द्या, बॅचच्या याद्या लागेपर्यंत लॅब सुरू होत नाही. शेवटचा, २६ ते ३१ ऑक्टोबरचा आठवडा पण सोडा, तो फाईल तपासण्यात आणि सह्यांत जातो. राहिले २७ जुलै ते २४ ऑक्टोबर, म्हणजे १३ आठवडे.

सोमवार: १३ पैकी ७ सप्टेंबर मिडसेममध्ये आणि १४ चतुर्थीला गेला. राहिले ११.
गुरुवार: १० सप्टेंबर मिडसेम, १७ मुक्तिसंग्राम दिन. राहिले ११.
शुक्रवार: ११ सप्टेंबर मिडसेम, १८ महालक्ष्मी, २५ अनंत चतुर्दशी, २ ऑक्टोबर गांधी जयंती. सलग चार शुक्रवार गेले. राहिले ९.

म्हणजे ज्या विषयात हातात किट लागतं, त्याच विषयात दहा प्रयोगांना नऊ टर्न आहेत. ४ सप्टेंबरनंतर थेट ९ ऑक्टोबरला तुम्ही त्या लॅबमध्ये पाय ठेवणार.

ओम_जिंतूर
सर, हे डोळ्यासमोर असून दिसलंच नव्हतं. चारही सुट्ट्या मी मांडल्या होत्या, पण महिन्याच्या पानावर. उभ्या ओळीत शुक्रवार वाचलेच नाहीत.

पुणेकर_तूर्तास
१७ सप्टेंबरची कसली सुट्टी? माझ्या फोनमधल्या सुट्ट्यांत नाही.

दुधनाकाठ
@पुणेकर_तूर्तास १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. मराठवाड्यात त्या दिवशी झेंडावंदन असतं. रेडिमेड सुट्ट्यांच्या यादीत हा दिवस सापडेलच असं नाही, म्हणून यादी कॉलेजच्या नोटीस बोर्डावरून हाताने उतरवायची. ईद-ए-मिलाद पण बघून घे ओम, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आहे. बुधवारी धरली असेल आणि चंद्रदर्शनाने एक दिवस सरकली, तर तुझ्या जावाचा एक गुरुवार जाईल.

कयाधू
हा हिशोब हाताने करायची गरज नाही. शीटमध्ये B1 ला सुरुवात, B2 ला शेवट आणि D2 पासून खाली सगळ्या सुट्ट्या टाका. मिडसेमचे पाचही दिवस सुट्ट्यांतच लिहायचे. मग:

```
=NETWORKDAYS.INTL(B1,B2,"0111111",D2:D12)
=NETWORKDAYS.INTL(B1,B2,"1110111",D2:D12)
=NETWORKDAYS.INTL(B1,B2,"1111011",D2:D12)
```

पहिली ओळ सोमवार, दुसरी गुरुवार, तिसरी शुक्रवार. सात अंक सोमवारपासून रविवारपर्यंत आहेत. १ म्हणजे तो वार मोजू नको, ० म्हणजे मोज. सरांच्या तारखा टाकल्या तर ११, ११, ९ असंच येतं. उत्तर चुकलं तर बहुतेक वेळा D मधली एखादी तारीख मजकूर म्हणून बसलेली असते. ती डाव्या कडेला चिकटलेली दिसते, खरी तारीख उजवीकडे सरकते.

फायदा असा की नवी सुट्टी जाहीर झाली की D मध्ये एक ओळ वाढवायची (सूत्रातली D12 ची हद्द पण वाढवा), तिन्ही आकडे आपोआप बदलतात.

हुरडा
एवढं कामून? नऊ टर्न आणि दहा प्रयोग, एकच तर कमी पडायलाय. शेवटी सर एखादा डेमो दाखवून उरकतातच.

मास्तर परभणीकर
@हुरडा, एकच कमी पडतोय हे खरं. पण उरकतो तो नेहमी दहावा असतो, आणि डिजिटलमध्ये शेवटचे प्रयोग फ्लिप-फ्लॉप आणि काउंटरचे. ओरलला एक्स्टर्नल तिथेच हात घालतात. काउंटर स्वतः जोडलेला नसेल तर रीसेटची पिन मोकळी सोडली की काय होतं, हे सांगता येत नाही.

जोडायचेच तर सुरुवातीचे प्रयोग जोडा. हाफ-फुल ॲडरला ७४८६, ७४०८ आणि ७४३२ लागतात. बायनरी-ग्रे कन्व्हर्टरला नुसता ७४८६. त्यात चार एक्स-ऑर गेट असतात, चार बिटांच्या ग्रेला तीनच लागतात, म्हणजे एका आयसीत काम भागतं. ॲडरचे रीडिंग झाले की बाकीच्या वायरी काढायच्या, ७४८६ चा सप्लाय आणि ग्राउंड तसाच ठेवायचा, ग्रे जोडायचा. दोन तासांत दोन्ही होतात, अट एवढीच की ट्रुथ टेबल घरून काढून आणलेलं असावं. लॅबमध्ये बसून टेबल काढत बसलात तर एकही पूर्ण होणार नाही.

हे सरांना पहिल्याच टर्नला विचारा. सगळ्या बॅचसाठी प्रयोगांचा क्रम एकच लावलेला असतो, ऑगस्टमध्ये तो हलवता येतो. ऑक्टोबरमध्ये किट दुसऱ्या वर्गाच्या ओरलसाठी लावून ठेवलेले असतात.

तेरणा
शुक्रवार गेला तर मंगळवारच्या बॅचमध्ये बसायचं. आमच्याकडे चालतं.

मास्तर परभणीकर
@तेरणा, कुठे चालतं, कुठे नाही. हजेरीपत्रक बॅचवार असतं. दहा किटवर वीस जण आधीच दोघा-दोघांत बसलेले असतात, तिसरा आला की तो नुसता बघतो. बघितलेल्या प्रयोगाची हजेरी मिळेल, हात बसणार नाही. तरी विचारून ठेवायला हरकत नाही.

तेरणा
आमच्या लॅबला किट जास्त आहेत, म्हणून चालत असेल. मला तरी तिसरा म्हणून बसावं लागलं नाही.

प्रयोगशाळा_सहायक
दोन गोष्टी सांगतो, पोरांच्या लक्षात येत नाहीत.

पहिली. ओमने २६ ऑक्टोबर लाल केला, पण तपासणाऱ्याच्या बाजूने बघा. तीन बॅच, प्रत्येकी २२, म्हणजे ६६ फायली. प्रत्येकीत १० राइट-अप, म्हणजे ६६० राइट-अप. एकाला दोन मिनिटं धरली तरी १३२० मिनिटं, २२ तास. सरांचे तास चालूच असतात. सगळ्यांनी शेवटच्या आठवड्यात फायली टाकल्या तर हे २२ तास येणार कुठून? म्हणून रांग लागते. मग सरांची सही झाली तर इंडेक्स अपुरा निघतो, इंडेक्स झाला तर सर्टिफिकेटवर एचओडींची सही राहते, आणि एचओडी मीटिंगला गेलेले असतात.

त्यामुळे सबमिशनची तारीख ही कामाची तारीख समजू नका. प्रत्येक प्रयोगाच्या दोन तारखा असतात. ज्या टर्नला प्रयोग केला ती, आणि पुढच्या टर्नला राइट-अप तपासला ती. कॅलेंडरवर दोन्ही नोंदी हव्यात. ७ ऑगस्टचा प्रयोग १४ ला तपासला गेला पाहिजे. १४ ला नवा प्रयोग जोडून होईपर्यंत सर टेबलावर असतात, तेव्हा एका फाईलला दोन मिनिटं सहज निघतात.

दुसरी. इंडेक्स पानावर प्रयोग केल्याची तारीख आणि सहीची तारीख असे दोन रकाने असतात. एकाच दिवशी दहा सह्या दिसल्या की एक्स्टर्नल त्या पोराला जरा जास्त वेळ उभा करतो.

वसमतची_हळद
हे बीएस्सीला पण लागू होतं का? आमच्याकडे सर्टिफाइड जर्नल नसेल तर प्रॅक्टिकल परीक्षेला बसू देत नाहीत. केमिस्ट्रीचं जर्नल आहे.

प्रयोगशाळा_सहायक
लागू आहे, उलट जास्त. केमिस्ट्रीत रीडिंग पुन्हा घ्यायचं तर द्रावण पुन्हा बनवावं लागतं. थायोसल्फेट तर ठेवल्यावर बिघडतं, महिन्याभराने त्याच बाटलीतून तेच रीडिंग मिळणार नाही. म्हणून ब्युरेटची रीडिंग त्याच दिवशी कच्च्या वहीत सही करून घ्या. राइट-अप नंतर लिहिता येतो, रीडिंग नंतर आणता येत नाही.

ओम_जिंतूर
मग माझ्याकडे एक अडचण आहे. ४ सप्टेंबरला जो डिजिटलचा प्रयोग होईल, तो पुढच्या टर्नला म्हणजे ९ ऑक्टोबरला तपासला जाईल. पाच आठवड्यांनी.

प्रयोगशाळा_सहायक
म्हणूनच तो एक राइट-अप टर्नची वाट न बघता तपासून घ्यायचा. ४ ला शुक्रवार आहे, त्याच रात्री लिहा, ५ ला शनिवारी सकाळी सरांच्या केबिनमध्ये. ७ पासून मिडसेम, सर सुपरव्हिजनला असतील. ५ चुकली तर २१ सप्टेंबरच्या आठवड्याच्या आधी विषय निघत नाही, आणि तोवर वेव्हफॉर्म का तसा आला हे तुम्हालाच आठवणार नाही. कॅलेंडरवर ५ सप्टेंबरला वेगळी नोंद करा.

सिद्धी ज.
पण ५ च्या आसपासच असाइनमेंट पण आहेत ना? पाच विषयांच्या पाच, सगळ्या 'मिडसेमच्या आधी'. म्हणजे सगळ्या ३१ ऑगस्ट ते ५ सप्टेंबरमध्येच पडणार. वर त्या आठवड्यात मिडसेमचा अभ्यास.

कयाधू
असाइनमेंटची तारीख सबमिशनवरून नाही, युनिटवरून धरायची. पहिल्या असाइनमेंटमध्ये साधारण पहिल्या दोन युनिटचे प्रश्न असतात. ज्या विषयाचं दुसरं युनिट लवकर संपतं त्याची असाइनमेंट लगेच उरकायची. टीचिंग प्लॅन मागून घ्या, प्रत्येक सरांकडे असतो, त्यात युनिट कोणत्या आठवड्यात संपणार ते लिहिलेलं असतं. पाचपैकी दोन-तीन विषयांत ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुसरं युनिट होतं. त्या २२ ऑगस्टला संपवायच्या, शेवटच्या आठवड्यात दोन-तीनच राहतात.

युनिट मागे पडलं तर नोंद पुढे सरकवा, पण ३१ ऑगस्टच्या पुढे नाही.

हुरडा
२८ ऑगस्टला राखी आहे. शुक्रवार आहे. हॉस्टेल रिकामं होणार गुरुवारी दुपारीच.

दुधनाकाठ
बरं झालं हुरडाने काढलं. नोटीशीत त्या दिवशी सुट्टी नाही, म्हणजे लॅब होणार. नऊ टर्नमध्ये ७५ टक्के हजेरी म्हणजे ६.७५, अर्थात सात टर्न हवेत. दोनच चुकवता येतात. एक राखीला गेला, एक तापात गेला की संपलं. बीड-धाराशिवकडची पोरं तर गुरुवार-शुक्रवार दोन्ही सोडतात, म्हणजे जावाचा पण एक टर्न जातो.

ओम_जिंतूर
जिंतूरला शुक्रवारी लॅब संपल्यावर निघालो तरी रात्रीपर्यंत पोचतो. बहिणीला सांगतो रात्री बांधायला.

कयाधू
आता हे फोनवर टाकताना काय होतं ते सांगतो. गूगल कॅलेंडरमध्ये शीटवरून सगळं एकदम आयात करता येतं, पण कॉम्प्युटरवरूनच, फोनच्या ॲपमध्ये ती सोय नाही. फाईल अशी:

```
Subject,Start Date,All Day Event,Description
DE प्रयोग ८,10/09/2026,True,राइट-अप १६ ऑक्टोबर
DE प्रयोग १०,10/23/2026,True,राइट-अप २६ ऑक्टोबर
```

तारीख महिना आधी, दिवस नंतर. आपण सवयीने 09/10/2026 लिहितो आणि ९ ऑक्टोबरचा टर्न मिडसेमच्या गुरुवारी, १० सप्टेंबरला जाऊन बसतो. चूक लगेच कळत नाही, कारण दोन्ही तारखा खऱ्या आहेत. आयात झाल्यावर सगळ्या डिजिटलच्या नोंदी शुक्रवारीच पडल्यात का ते बघा. एखादी दुसऱ्या वारी दिसली की उलटी लिहिली गेली समजा.

आणि आयात मुख्य कॅलेंडरमध्ये करू नका. 'सेम ३' नावाचं नवीन कॅलेंडर बनवा, त्यात करा. चुकलं तर ते अख्खं कॅलेंडर उडवून पुन्हा आयात करता येतं. मुख्य कॅलेंडरमध्ये गेलं तर एकेक नोंद हाताने पुसत बसावं लागतं. एक्सेलमधून फाईल काढणार असाल तर जतन करताना `CSV UTF-8` निवडा, नाहीतर मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

वसमतची_हळद
मी भिंतीवरच्या मोठ्या कॅलेंडरवर लिहिते. ते जास्त बरं नाही का? हॉस्टेलमधल्या चौघींना दिसतं.

कयाधू
भिंतीवर दिसतं हे खरं, पण एक सुट्टी सरकली की खोडाखोड होते.

वसमतची_हळद
खोडाखोड झालेलीच तारीख लक्षात राहते माझ्या.

मास्तर परभणीकर
दोघांचंही चालेल, फक्त एकीकडेच खरं मानायचं. दोन ठिकाणी लिहिलं की एक बदललं जातं आणि दुसरं राहतं.

एक राहिलं. थिअरीची तारीख नाही म्हणून ओमने तो भाग कोराच ठेवलाय. ८ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन, ११ ला भाऊबीज. ६ ला प्रॅक्टिकल संपतात. पेपर दिवाळीनंतर म्हणजे १२ पासून केव्हाही. अंदाजाची तारीख लिहू नका, डोक्यात तीच पक्की बसते. १२ नोव्हेंबर हाच सर्वांत लवकरचा दिवस धरा आणि त्याच्यावरून मागे या.

सिद्धी ज.
सर, १२ धरून बसलो आणि पेपर २० ला आले तर? आठ दिवस आधीच सगळं वाचून झालेलं, मग विसरायला होतं. मी तर वेळापत्रक लागेपर्यंत थांबते.

मास्तर परभणीकर
तुमचं म्हणणं खोटं नाही. पण वेळापत्रक पेपरच्या जेमतेम आधी लागलं, तर दिवाळीतले दिवस हातचे गेलेले असतात. मी दोन मोठ्या विषयांपुरतं १२ धरेन, बाकीचे वेळापत्रकावर सोडेन.

सिद्धी ज.
मोठे विषय आधी वाचले तर तेच आधी विसरतात. मला नाही पटत.

प्रयोगशाळा_सहायक
ओम, २३ ऑक्टोबरच्या टर्नचं काय केलं? त्याच्या पुढचा टर्न नाही.

ओम_जिंतूर
शुक्रवारची ओळ पूर्ण नवीन केली. सरांनी प्रयोग २ आणि ३ जोडायला होकार दिला तर अशी:

३१ जुलै प्रयोग १. ७ ऑगस्ट २ आणि ३ एकत्र. १४ ला ४, २१ ला ५, २८ ला ६, ४ सप्टेंबर ७. ५ सप्टेंबर शनिवार, सातव्याचा राइट-अप केबिनमध्ये. मग ९ ऑक्टोबर ८, १६ ला ९, २३ ला १०. शनिवार-रविवारी दहावा लिहायचा, २६ ला सकाळी सरांकडे, त्याच दिवशी इंडेक्स पूर्ण. सर्टिफिकेट २८ पर्यंत एचओडींकडे. ३० ऑक्टोबर मोकळा ठेवलाय, कुणाची सही राहिली तर.

लाल रंग २६ वरून काढून ५ सप्टेंबरला दिला.

प्रयोगशाळा_सहायक
ठीक आहे. फ्लिप-फ्लॉपची थिअरी ४ सप्टेंबरच्या आधी शिकवून होतेय का, ते टीचिंग प्लॅनमध्ये बघा. सातवा प्रयोग त्यावरच असेल आणि ते युनिट मिडसेमनंतर असेल, तर सहावा-सातवा उलट क्रमाने करून भागणार नाही. सरांना तेही त्याच वेळी विचारा.

ओम_जिंतूर
टीचिंग प्लॅन अजून मिळालेला नाही. ३१ जुलैला पहिला टर्न आहे, त्या दिवशी दोन्ही विचारतो आणि इथे कळवतो.